कंपनीचा सर्व्हर गेला, तरी पंपाचा स्विच टाकू नकोस

कंपनीचा सर्व्हर बंद पडला की वायफायचा स्विच ॲपवरून चालेनासा होतो, पण कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, काढून टॅस्मोटा किंवा ओपनबेकनसारखं मोफत फर्मवेअर चढवलं की तो कंपनीशिवाय चालतो. आधी स्विचचं झाकण उघडून चिप बघ. ESP8266 असेल तर टॅस्मोटा चढतं. BK7231 दिसली तर त्यावर टॅस्मोटा चालत नाही, ओपनबेकन घ्यावं लागतं.

फर्मवेअर चढवताना स्विच मेन्सला जोडलेला अजिबात नको. सिरियल अडॅप्टर ३.३ व्होल्टवर ठेव, ESP8266 ची GPIO0 पिन ग्राउंडला धरून चिप सुरू कर, आणि पुसण्याआधी मूळ फर्मवेअरची प्रत काढून ठेव.

खरी गंमत पुढे. माझा स्विच गुहागरला परसातल्या विहिरीच्या पंपाच्या काँटॅक्टरवर आहे. पहिल्याच पावसाळ्यात तो वायफाय विसरून कोरा झाला. चिप जळाली म्हणून मी दोन दिवस चरफडत होतो. कारण निघालं लाइटीचं येणं-जाणं! थोड्या थोड्या सेकंदांनी सहा वेळा वीज गेली-आली, की सातव्यांदा टॅस्मोटा मुद्दाम मूळ सेटिंगवर जातं. सेटिंग चुकून अडकलेल्यांसाठी केलेली ती सोय, पण आपल्याकडे आषाढात रोजचंच ते. म्हणून टॅस्मोटाच्या कन्सोलमध्ये आधी हे टाक, पहिल्या ओळीने ती सोय बंद होते:

```
SetOption65 1
PowerOnState 0
```

दुसऱ्या ओळीमुळे लाइट आल्यावर पंप आपोआप सुरू होत नाही. नाहीतर शेवटची स्थिती आठवून तो रात्री दोनला कोरडा फिरेल.

टायमर लावलास तर एक लक्षात ठेव: या स्विचला स्वतःचं घड्याळ नाही. लाइट जाऊन परत आल्यावर वेळ इंटरनेटवरून येते, आणि नेट बंद असलं तर टायमर गप्प बसतो. तुझा राउटर वेळ देत असेल तर `NtpServer1` मध्ये त्याचा पत्ता घाल. पण राउटरलाही वेळ बाहेरूनच मिळते, तेव्हा तो इन्व्हर्टरवर ठेव.