फ्लॅशमुळे घरच्यांच्या फोटोंत डोळ्यांच्या बाहुल्या लाल येतात, मुलीची एक तर पांढरीच चमकते. सगळ्या एकदम काळ्या करायचा सोपा उपाय आहे का?

लाल बाहुल्यांचं सांगतो. पांढरीला मात्र आज हात लावू नका.

काही वर्षांपूर्वी घरातले फोटो साफसूफ करून सगळ्यांना पाठवायचं काम माझ्याकडे होतं. पुतणी तेव्हा दीड वर्षाची. एका संध्याकाळच्या फोटोंत जवळजवळ सगळ्यांचेच डोळे लाल आले. त्यात नवल काहीच नव्हतं. अंधुक खोलीत बाहुली मोठी होते आणि फ्लॅश लेन्सला खेटून असतो, त्यामुळे उजेड थेट आत शिरतो आणि डोळ्यामागच्या रक्ताळ पडद्यावरून लाल होऊन त्याच वाटेने कॅमेऱ्यात परत येतो.

मी गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये फक्त बाहुलीभोवती छोटं वर्तुळ आखायचो आणि `Filters > Enhance > Red Eye Removal` चालवायचो. या साधनाची युक्ती साधी आहे. लाल बाहुलीत लाल रंगाचा आकडा २३० असेल तर हिरवा ५० आणि निळा ४६ च्या आसपास असतो. म्हणजे बिघडलेला फक्त लाल असतो. तो उडवून तिथे बाकी दोघांवरून काढलेला छोटा आकडा बसवला की बाहुली गडद राखाडी होते. डोळ्यातला पांढरा ठिपका मात्र तसाच राहतो, कारण तिथे तिन्ही आकडे मुळातच चढे असतात. तो ठिपका गेला की माणूस निर्जीव दिसतो, म्हणून काळ्या ब्रशने बाहुल्या रंगवणाऱ्यांचा मला राग येतो. वर्तुळ मोठं झालं तर पापणीची कातडी राखाडी पडते. तसं दिसलं की मागे जा आणि छोटं वर्तुळ आखा.

पुतणीच्या फोटोत उजवा डोळा लाल होता आणि डावा दुधी. दुधी डोळ्यात काढण्यासारखा लाल रंगच नव्हता, त्यामुळे साधन तिथे काहीच करेना. मग मी हुशारी केली. उजवी बाहुली कापली, उलटवली आणि डाव्यावर चिकटवली. सफाई अशी की दादा म्हणाला, "आता कशी गोड दिसतेय." वहिनीने मूळ फोटो पाहिला होता. तिने विचारलं, "भाऊजी, हिचा हा डोळा असा का आला?" मी म्हणालो, फ्लॅशमुळे. दादा म्हणाला, कॅमेरा जुना झालाय.

तीन महिन्यांनी दुसऱ्याच्या फोनवरच्या फोटोत तोच डावा डोळा पुन्हा पांढरा आला. वहिनीने माझ्याकडचे सगळे मूळ फोटो मागितले. मुलगी समोर बघत असलेले ११ निघाले, त्यातल्या सातांत डावाच पांढरा. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे काही वर्षं चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून अधू डोळ्याला कामाला लावावं लागलं. त्या वयात धूसर दिसणाऱ्या डोळ्याकडे मेंदू दुर्लक्ष करायला शिकतो आणि नुसती भिंग बदलून ती सवय जात नाही. दादा आजही म्हणतो, "तीन महिन्यांनी काय बिघडलं असतं?" दादा, दीड वर्षाच्या डोळ्याला तीन महिने फार असतात. आणि फोटोवरून रोग कळत नाही हे बरोबर, पण डॉक्टरकडे जायचं कारण तर कळतं ना.

तेव्हा तुम्ही आधी जुने फोटो काढा, न सुधारलेले. काही फोन आपल्या आपणच लाली काढून टाकतात, ते फोटो इथे उपयोगाचे नाहीत. तोच डोळा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांत पांढरा येतो का ते पाहा. दोन्ही डोळ्यांत सारखी लाली येणं हे उलट बरं लक्षण, म्हणजे उजेड विनाअडथळा आत जाऊन परत येतोय. एकच डोळा वारंवार पांढरा येत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जा, आणि ते फोटो बरोबर घेऊन जा. मोतीबिंदूखेरीज डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असाच दिसतो. तो बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो, आणि तिथे उशीर महागात पडतो.

घाबरवायचं नाहीये. डोळा नाकाकडे साधारण १५ अंश वळलेला असताना फ्लॅशचा उजेड नेमका दृष्टिमज्जातंतूच्या पांढरट टोकावर पडतो आणि निरोगी डोळाही पांढरा येतो. असे फोटो पुष्कळ असतात. पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. मी डॉक्टर नाही, तुम्हीही बहुधा नसाल. (कुत्र्यामांजरांचे हिरवे-पिवळे डोळे यात धरू नका, त्यांच्या डोळ्यात मागे उजेड परतवणारा आरशासारखा थर असतो.)

आणि सुधारलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा. जागा अडते म्हणून मूळ फोटो पुसून टाक, असं दादा तेव्हा दोनदा म्हणाला होता. मी आळसाने पुसले नव्हते.