रिपोर्ट त्याचा, बोल तिला

"लग्नाला पाच वर्षं झाली, मूल व्हावं म्हणून दोन वर्षं औषधोपचार चालू आहेत. मी विषय काढला की हे उठून बाहेर जातात. मनातून मलाच दोष देत असतील का?"

देवगडकडच्या एका जोडप्यातली बायको माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आली तेव्हा हाच प्रश्न घेऊन आली होती. डिसेंबर होता. नवरा कलमांवरच्या फवारणीत अडकला होता, असं तिनं सांगितलं. तिच्या पिशवीत स्वतःच्या तपासण्यांची जाड फाईल होती. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, नळ्यांचा एक्स-रे, सगळं ठीक. नवऱ्याचा एकच कागद होता, तोही तळाशी घडी घालून ठेवलेला.

तो ऑक्टोबरमधला वीर्यतपासणीचा रिपोर्ट होता. एका मिलीलीटरमध्ये ६० लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाखांची आहे. मात्र तिच्याखाली आलेल्या पुरुषाला मूल होणारच नाही, असा त्याचा अर्थ नाही. घरी मात्र सासूबाईंना तिनं सांगितलं होतं, "माझ्यातच थोडं कमी आहे." नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. तेव्हापासून उपास, नवस, देवळातलं गाऱ्हाणं सगळं तिच्या नावानं सुरू झालं.

पुढच्या आठवड्यात मी त्याला एकट्याला बोलावलं. बराच वेळ तो कलमांच्या मोहराबद्दलच बोलला. मग खाली बघत म्हणाला, "माझ्यामुळे ती आईचं ऐकून घेते. तिच्यासमोर बसलो की मला गुदमरल्यासारखं होतं."

ती ज्याला राग समजत होती, ती लाज होती. असं मी वारंवार पाहते. घरात कुणी स्पष्ट बोललं नाही की प्रत्येक जण समोरच्याच्या गप्प बसण्यात आपल्यावरचा ठपका वाचतो.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. रिपोर्टच्या दीड महिना आधी त्याला लेप्टोचा ताप येऊन गेला होता, चार दिवस तो दवाखान्यात होता. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि मोठ्या तापानं त्यांची संख्या काही काळ घटू शकते. हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण फाईल घेऊन ती एकटीच जायची. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढत नाहीत, म्हणून जानेवारीत तपासणी पुन्हा झाली. १ कोटी १० लाख. सुधारला, तरी कमीच. त्या दिवशी तो स्वतः डॉक्टरांसमोर बसला होता.

घरातलं बोलणं सुरू करताना पहिली चूक माझी झाली. रात्री जेवणं झाल्यावर समोरासमोर बसून बोला, असं मी सुचवलं. दोनदा भांडण झालं, तिसऱ्यांदा तो बसलाच नाही. समोरून नजर लागली की त्याला चौकशी चालल्यासारखं वाटायचं. मग मी सांगितलं, संध्याकाळी जेटीपर्यंत शेजारी शेजारी चाला. उपचारांचं बोलणं वीसच मिनिटं, घड्याळ लावून. आधी तो बोलेल, एक वाक्य बोलला तरी चालेल. तिनं त्यावर लगेच उपाय सांगायचा नाही. वीस मिनिटं संपली की विषय बंद, मग बाजार, पाऊस, काहीही. वेळ ठरल्यामुळे तिला दिवसभर संधी शोधावी लागेना आणि त्यालाही पळून जावंसं वाटेना.

नातेवाइकांचा प्रश्न शिमग्यात येणारच होता. रिपोर्ट त्याचा, त्यामुळे कुणाला किती सांगायचं हे त्यानं ठरवायचं. पण तिनं खोटा दोष अंगावर घ्यायचा नाही, एवढं दोघांनी आधी ठरवलं. पालखी घरी आली, तिनं ओटी भरली आणि मुंबईहून आलेल्या आतेनं विचारलंच, "काय गो, पाळणो कधी हलतलो?" तो पुढे झाला. "आते, तपासण्या दोघांच्याही चालू आहेत. विचारायचं ते मला विचार." आईला त्यानं त्याच रात्री खरं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सुनेचा सोमवारचा उपास तिनंच सोडवला.

"टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही," हे वाक्य तुमच्याही घरात कुणी म्हणत असेल, तर तेही दोष देणंच आहे. ताणामुळे उपचार फसतात, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. ताण वाटून घ्यायचा, तो तुमचं जगणं आणि नातं पोखरतो म्हणून. पण झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, दारू वाढली असेल किंवा जगूच नये असं वाटत असेल, तर फिरायला जाणं पुरेसं नाही. सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. हात उचलला जात असेल, तर दोघांना एकत्र बसवणारं समुपदेशन मी करतच नाही; आधी बाईची सुरक्षितता बघते.

एप्रिलमध्ये त्यांचा आययूआयचा, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा, पहिला प्रयत्न झाला. सोळाव्या दिवशी पाळी आली. आंबा काढणीचे दिवस होते, तो बागेत होता. तिनं फोन केला, तेव्हा तो पेट्या तशाच टाकून घरी आला आणि चप्पल न काढताच म्हणाला, "चल, जेटीवर जाऊया. आज घड्याळ नको लावूस."