रेटिक्युलोसाइट ६ टक्के म्हणजे अस्थिमज्जा ठीक आहे का?

आईचे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, २५ टक्के आणि रेटिक्युलोसाइट ६ टक्के आले आहेत. रेटिक वाढलेले आहे, म्हणजे मज्जा नीट काम करते आहे आणि रक्त बाहेर जाते आहे किंवा फुटते आहे, असेच ना?

एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. रेटिक्युलोसाइट म्हणजे मज्जेतून आलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी. त्यांची टक्केवारी रक्तात उरलेल्या एकूण तांबड्या पेशींच्या प्रमाणात मोजली जाते, आणि त्याच कमी असल्याने ती फुगलेली दिसते. म्हणून ६ ला २५ ने गुणून ४५ या सामान्य हिमॅटोक्रिटने भागावे, म्हणजे ३.३ येते. शिवाय तीव्र रक्तक्षयात मज्जा कोवळ्या पेशी लवकर बाहेर सोडते आणि त्या रक्तात सुमारे दोन दिवस रेटिक्युलोसाइट म्हणूनच मोजल्या जातात, त्यामुळे हिमॅटोक्रिट २५ असताना पुन्हा २ ने भागावे लागते. मज्जेचे उत्पादन दाखवणारा निर्देशांक उरतो १.७, आणि तो २ पेक्षा कमी असल्याने मज्जेचे उत्पादन अपुरे ठरते. तो ३ च्या वर असता, तर रक्तस्राव किंवा रक्तविघटन शोधावे लागले असते. त्या दोहोंत फरक मात्र हा आकडा करत नाही, त्यासाठी बिलिरुबिन, एलडीएच आणि हॅप्टोग्लोबिन या रक्तचाचण्या पाहतात. रक्तस्राव नुकताच झाला असेल, तर मज्जेचा प्रतिसाद पूर्ण दिसायला साधारण आठवडा लागतो, आणि लोह कमी असेल तर तो दिसतही नाही. म्हणून शरीरातील लोहसाठा दाखवणारे फेरिटिन पाहिल्याशिवाय मज्जेच्या आजाराचा निष्कर्ष काढू नये.