अकरानंतरचे मेसेज आणि स्लिपवरचं बेसिक

«मकरपुरा जीआयडीसीत सुपरवायझर आहे. एकूण पगार २६,०००. त्यात बेसिक-डीए १५,०००, बाकी घरभाडं आणि वाहनभत्ता. सेकंड शिफ्ट रात्री ११ला सुटते, कधी कधी लगेच सकाळी ७ची लागते. मधल्या वेळात ग्रुपवर मशीनचं रीडिंग मागतात. सात महिने देत आलो. परवा दिलं नाही, तर तीन दिवसांत खुलासा मागणारा मेमो आला. दोन शिफ्टमध्ये ११ तास विश्रांती सक्तीची आहे ना?»

नाही. अकरा तास युरोपातले. आपल्याकडे दोन पाळ्यांमध्ये इतकं अंतर हवंच, असं कलम नाही. २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेचं कलम २८ रात्रपाळीचं आहे, पण ते मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीला लागतं. तुमची त्याआधीच संपते. कामानंतर फोन न घेण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झालेला नाही. खुलाशात विश्रांतीचा मुद्दा घेऊच नका.

तुमच्या उपयोगाचं आहे ते याच संहितेचं कलम २७. ओव्हरटाइमला दुप्पट दर, आणि तो कामगाराच्या संमतीनेच. ठरलेले तास संपल्यावर रीडिंग पाठवणं हे काम आहे, एवढं तुम्हाला दाखवायचं आहे.

पण हे कलम 'कामगारा'साठी. देखरेखीचं काम करणाऱ्याचं वेतन महिना १८,०००च्या वर गेलं की तो व्याख्येबाहेर, आणि कंपनी हेच म्हणणार. इथे वेतन म्हणजे २६,००० नव्हे. घरभाडं आणि वाहनभत्ता वगळले जातात. वगळलेली रक्कम एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाली तरच वरचा भाग वेतनात परत येतो. तुमचे ११,००० हे १३,०००च्या आत आहेत, म्हणून वेतन १५,०००च. स्लिपवर 'स्पेशल अलाउन्स' असेल तर मात्र तो वगळता येत नाही. आधी स्लिपची एकेक ओळ बघा. शिवाय हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम महत्त्वाचं: मशीन स्वतः चालवत असाल तर तेही लिहा.

सात महिने निमूट 'ओके सर' लिहिलंत, तीच संमती होती असं आता म्हणतील. म्हणून मुदतीतच लेखी खुलासा द्या आणि पोच घ्या. ग्रुपवर वाद नको. शिफ्ट ११ला संपली, रीडिंग लॉगबुकात नोंदवून चार्ज दिला, यापुढे ओव्हरटाइम लेखी आदेशाने आणि रजिस्टरात नोंद होऊन मिळाला तर विचार करीन, एवढंच लिहा. चार्ज न देताच निघाला असाल तर बाजू कमकुवत आहे, कारण तो वेगळा ठपका ठरू शकतो. गॅसगळतीसारखा धोका कळवणारा मेसेज असेल तर उत्तर द्यायलाच हवं; तिथे संमतीचा वाद चालणार नाही.

नोटीस बोर्डावरच्या पाळीच्या वेळांचा फोटो काढा. ग्रुप सोडण्याआधी, फोन बदलण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा. कोर्टात ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रासह द्यावं लागतं, आणि बहुतेक लोक इथेच अडकतात. थकलेल्या ओव्हरटाइमचा दावा वेतन संहितेखाली तीन वर्षांत करता येतो. तारखांवर तारखा पडतील हे धरून चाला. मेमोचं उत्तर मात्र परवापर्यंत गेलंच पाहिजे.