मेनूचं इंग्रजी भाषांतर करताना ज्या पदार्थांना, पद्धतींना, जिन्नसांना इंग्रजीत शब्दच नाही त्यांचं काय करायचं?

नाव तसंच रोमन लिपीत ठेवायचं आणि खाली एक ओळ लिहायची. त्या ओळीतच सगळे माती खातात.

मी जपानी मेनू इंग्रजीत करते. एका मेनूत 'नासु नो आगेबिताशी' होतं. नासु म्हणजे वांगं. सालीला बारीक चिरा देऊन, पीठबीठ काही न लावता तळतात आणि गरम असतानाच दाशी हा जपानी स्टॉक, सोया सॉस आणि मिरिन ही स्वयंपाकातली गोडसर तांदळाची दारू यांच्या पातळ रसात बुडवून ठेवतात, मग मुरलं की बहुतेकदा गारच वाढतात. मी ओळ दिली होती, 'फ्राइड एगप्लांट सोक्ड इन सोय अँड फिश ब्रॉथ, सर्व्ड कोल्ड'. आमच्या सीनियर संपादकांनी खोडून नुसतं 'फ्राइड एगप्लांट' ठेवलं, म्हणे गिऱ्हाईकाला नाव पाहिजे, रेसिपी नको. तसंच छापलं आणि व्हायचं तेच झालं, लोक गरमागरम कुरकुरीत काप येतील म्हणून मागवायचे, पुढ्यात यायचं गार, मऊ, भिजलेलं वांगं, प्लेटी परत. तेही एक वेळ चालेल, पण एका शाकाहारी बाईंनी अर्धं खाल्ल्यावर विचारलं, रस कशाचा आहे? आता दाशी सहसा कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी यांची असते, कात्सुओबुशी म्हणजे धुरी देऊन लाकडासारखा कडक वाळवलेला बोनिटो मासा. त्याचे पातळ पापुद्रे गरम पाण्यात टाकून गाळून घेतात, त्यामुळे ताटात मासा कुठेच दिसत नाही. जे डोळ्याला दिसत नाही ते मेनूत आलंच पाहिजे, यावर मी अजूनही कुणाशीही भांडेन.

पद्धतीला शब्द शोधत बसू नका, टेबलावर काय येणार ते लिहा: गरम की गार, कोरडं की रसातलं, कुरकुरीत की मऊ. 'निमोनो'ला, म्हणजे दाशी-सोयाच्या रसात मंद शिजवलेल्या पदार्थांना, सरसकट 'स्ट्यू' म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, स्ट्यू म्हटलं की माणूस दाट रस्सा धरून चालतो आणि निमोनोचा रस बहुतेकदा पातळ असतो. जिन्नसांचंही तेच. कोन्याकूच्या झाडाला इंग्रजीत 'डेव्हिल्स टंग' म्हणतात, ते मेनूत टाकलं की लोकांना जनावराची जीभ वाटते, नुसतं 'जेली' लिहिलं तर गोड वाटतं. 'कोन्याकू' लिहून पुढे कंदापासून केलेली, चिवट, बिनगोड जेली एवढं इंग्रजीत सांगा, झालं.

हां, नुसत्या कोम्बूचीही दाशी असते, म्हणून अंदाजाने 'फिश' ठोकू नका, स्वयंपाकघरात विचारा. ॲलर्जीची यादी तर त्यांच्याकडूनच लेखी घ्या. भिंतीवरच्या बोर्डावर जागा नसेल तर वर्णन कापा, मासा कापू नका.

आणि संपादक 'रेसिपी नको' म्हणाले तर विचारा, माझ्या त्या ओळीत तेल किती, वेळ किती, चिरा कशा द्यायच्या, यातलं काही होतं का? फक्त काय खाणार आहात एवढंच होतं.