मोठा मॉसफेट घेऊ नका, आधी गेटचा रेझिस्टर बघा

> «२४ व्होल्टची डीसी मोटर आहे, साधारण १० अँपिअर घेते. IRFZ44N, १२ व्होल्टवरचा गेट ड्रायव्हर आणि गेटला १ केचा रेझिस्टर. ५०० हर्ट्झवर मॉसफेट थंड असतो, पण मोटर किंचाळते. म्हणून २० किलोहर्ट्झ केलं, तर दोन मिनिटांत हात लावता येत नाही. याहून मोठा मॉसफेट घेऊ का?»

नका घेऊ. मी घेतला होता, आणि तो जास्त तापला.

तुमची पोस्ट वाचून सहा वर्षांपूर्वीचं माझं टेबल आठवलं. सर्किट हेच, १ के हाच. एका फाउंड्रीत वाळूच्या छोट्या कन्व्हेयरसाठी आठ कंट्रोलर द्यायचे होते. मॉसफेट, पीडब्ल्यूएम वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो आणि थेट मुद्द्यावर येतो.

गेटला करंट लागत नाही हे अर्धसत्य आहे. गेट चालू किंवा बंद करायचा तर प्रत्येक वेळी त्यात चार्ज भरावा आणि उपसावा लागतो. त्यातला सगळ्यात महागात पडणारा भाग म्हणजे गेट-ड्रेनचा चार्ज, IRFZ44N ला कमाल २३ नॅनोकुलॉम. हा भरत असताना गेटचा व्होल्टेज जवळजवळ एका जागी थबकतो (५ व्होल्टच्या आसपास धरा) आणि तेवढ्याच वेळात ड्रेन २४ वरून खाली येतो. म्हणजे पूर्ण १० अँपिअर वाहताहेत आणि ड्रेनवर अजून व्होल्टेज आहे. उष्णता तिथे होते.

आता तुमचा १ के किती करंट देतो ते बघा. १२ मधून ५ गेले, उरले ७ व्होल्ट, म्हणजे ७ मिलिअँपिअर. बंद होताना फक्त ५ व्होल्टच ढकलतात, म्हणजे ५ मिलिअँपिअर.

```
t_on  = 23nC / 7mA = 3.3us
t_off = 23nC / 5mA = 4.6us
P = 0.5 * 24V * 10A * 7.9us * 20kHz = 19W
```

हीटसिंकशिवायच्या TO-220 ला १९ वॅट म्हणजे मरण. तेच ५०० हर्ट्झवर अर्धा वॅटसुद्धा होत नाही, म्हणून तिथे थंड. आणि हा हिशोब हात राखून आहे, कारण करंट चढायला-उतरायला लागणारा वेळ मी धरलेलाच नाही. याच्यापुढे ऑन असतानाचा लॉस पावणेदोन वॅट, गरम झाल्यावर थोडा जास्त. मोठा मॉसफेट घेऊन तुम्ही कमी करणार ते हे पावणेदोन वॅट.

मी IRF3205 घेतला. ऑन रेझिस्टन्स निम्म्याहून कमी, ८ मिलिओहम, म्हणून खूश. पण त्याचा गेट-ड्रेन चार्ज ५४ नॅनोकुलॉम. त्याच १ केमधून तो भरायला दुपटीहून जास्त वेळ, आणि वरच्याच हिशोबाने लॉस ४४ वॅटच्या घरात. मला तेव्हा वाटलं माल डुप्लिकेट आहे. दुकानदाराशी भांडलो (नंतर जाऊन माफी मागितली). मग पार्ट पुरवणाऱ्या एका मोठ्या विक्रेत्याच्या टेक्निकल विभागाला मेल केला, सर्किट जोडून. तीन आठवडे, चार मेल. उत्तर काय, तर «कृपया योग्य हीटसिंक वापरावा.» सर्किट उघडून बघितलं असतं तर १ के पहिल्या नजरेत दिसला असता. असो, राग अजून गेलेला नाही, पण तुमचा त्यात काय दोष.

शेवटी मला कळलं तेव्हा मी दुसऱ्या टोकाला गेलो, आणि खरी किंमत तिथे मोजली. रेझिस्टरच काढला आणि जागी वायरचा तुकडा टाकला. पुन्हा IRFZ44N बसवला. एकदम थंड! आठही बोर्ड पाठवून दिले. तीन आठवड्यांत तिघांनी मान टाकली. मॉसफेट मरतो तेव्हा बहुतेक वेळा ड्रेन-सोर्स शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे मोटर थांबत नाही, पूर्ण वेगाने सुटते. एका माणसाने बॅटरीची वायर ओढून काढली म्हणून निभावलं.

कारण असं, की ड्रायव्हर कंट्रोल बोर्डावर आणि मॉसफेट हीटसिंकपाशी, मधे १५ सेंटिमीटर वायर. सेंटिमीटरला ढोबळ १० नॅनोहेन्री धरले तर १५० झाले. पलीकडे गेटची कपॅसिटन्स १४७० पिकोफॅरॅड. इंडक्टर आणि कपॅसिटर जोडून त्याला झटका दिला की झोपाळा होतो, इथे १० मेगाहर्ट्झचा. आवरायला काहीच नसेल तर १२ चा झटका २४ पर्यंत उसळू शकतो, आणि गेटची मर्यादा २० व्होल्ट. ड्रायव्हरचा आतला रेझिस्टन्स थोडं दाबतो, तरी माझ्या स्कोपवर २१-२२ दिसत होते. गेटचा ऑक्साइड लगेच नाही, पण मग जातो.

गेटचा रेझिस्टर हा झोपाळा थांबवण्यासाठी असतो. ड्रायव्हरला वाचवणं वगैरे कारणं दुय्यम, असं माझं मत आहे. इतरांचं वेगळं असू शकेल. किती लागेल?

```
R = 2 * sqrt(L/C) = 2 * sqrt(150nH / 1470pF) = 20 ohm
```

बाजारात २२ मिळतो, तो लावा. आता करंट सव्वातीनशे मिलिअँपिअर, चालू व्हायला ७० आणि बंद व्हायला १०० नॅनोसेकंद, लॉस अर्धा वॅटच्या आत. खरं तर आधी वायर छोटी करा, ड्रायव्हर मॉसफेटला चिकटवा आणि गेटच्या वायरला सोर्सपासून निघालेल्या परतीच्या वायरचा पीळ द्या. मग १० ओहमसुद्धा चालतील.

ड्रायव्हरचा सरासरी करंट सव्वा मिलिअँपिअरच असतो, पण क्षणभर त्याला अर्धा अँपिअर ओढावा लागतो. तो लांबच्या सप्लायमधून येत नाही. ड्रायव्हरच्या पायांना अगदी लागून १ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक हवा. आणि गेट-सोर्समध्ये १० के टाका, कंट्रोलर चालू होईपर्यंत गेट लोंबकळत राहू नये म्हणून.

स्कोप नसेल तर सोपी परीक्षा आहे. फ्रीक्वेन्सी निम्मी करून बघा. ताप जवळपास निम्मा झाला तर दोष स्विचिंगचा, फारसा बदलला नाही तर ऑन रेझिस्टन्सचा किंवा मोटरवरच्या डायोडचा. (तिथे 1N4007 असेल तर आजच काढा, २० किलोहर्ट्झला तो फार मंद आहे. शॉट्की लावा.) स्कोप असेल तर गेटवरची ती सपाट पायरी मोजा, ती मायक्रोसेकंदात असेल तर रेझिस्टर मोठा. फक्त प्रोबची लांब काळी क्लिप वापरू नका, ती स्वतःच झोपाळा दाखवते. मी दोन दिवस त्या खोट्या रिंगिंगच्या मागे घालवलेत.

हे सगळं एका मॉसफेटच्या, २४ व्होल्टच्या सर्किटपुरतं. हाफ-ब्रिज असेल तर बंद करताना वेगळी काळजी लागते, आणि २३० व्होल्टवर माझ्या भरवशावर काही करू नका.

आधीच खूप तापलेला मॉसफेट सुटा काढून गेट-सोर्समध्ये मीटर लावून बघा. काहीशे ओहम दाखवत असेल तर गेट गेलाय. मग २२ ओहम लावूनही तो तापेलच, आणि तुम्ही म्हणाल याने चुकीचं सांगितलं.