बँकेसोबत ऑफर लावताय? आधी हे ठरवा

दादा, बॅनरवर लोगो कुणाचा मोठा यावर वेळ घालवू नका. खरा प्रश्न एवढाच, की सूट नेमकी कुणाला मिळणार? किराण्यात ८०० च्या बिलावर १२ टक्के नफा धरला तर हातात ९६ रुपये. ८० रुपये कॅशबॅकमधले ५० बँकेचे, ३० तुमचे, तर ६६ उरतात. पण रोजचाच गिऱ्हाईक ते घेऊन गेला, तर तुमचे ३० फुकट गेले.

म्हणून गावातल्या सहकारी बँकेच्या मॅनेजरला सांगा: ज्या खात्यातून गेल्या सहा महिन्यांत आपल्या क्यूआरवर पैसे आले नाहीत, त्यालाच ऑफर. त्यांना खात्यावरून ते दिसतं. तुम्हाला नावं मागायची गरज नाही. कॅशबॅकही दोन हप्त्यांत ठेवा, अर्धा आज, अर्धा महिन्याभरात पुन्हा खरेदी केल्यावर.

आणि काउंटरवर बिलातून वजा करू नका. मी केलं होतं, बँकेचा वाटा मिळायला चार महिने चकरा मारल्या. कॅशबॅक बँकेनेच खात्यात टाकावा, तुमचा वाटा नंतर घ्यावा. ३०० ग्राहकांची मर्यादा पत्रात लिहून घ्या, म्हणजे तुमचा खर्च ९,००० च्या वर जाणार नाही.